पगारानंतरची बाकी

किराणा दुकानातली उधारीची वही कधी नीट वाचून पाहावी. पानाच्या डोक्यावर नाव असतं ते ‘गिरणीजवळच्या मावशी’ किंवा ‘बाळूचा धाकटा’. खाली ‘साखर २, तेल १, चहा’ असं काही लिहिलेलं, पुढे कधी आकडा असतो, कधी नसतो. दोन ओळींनंतर ‘दिले ५००’. तारीख पानाआड एखादी. बेरीज मारून तिच्याखाली रेघ, आणि रेघेखाली पुन्हा ‘मागील बाकी’. दुकानदाराला ही वही स्वच्छ कळते, कारण निम्मा हिशेब त्याच्या डोक्यात असतो. बाकी कुणाला ती कळत नाही. त्याच्या मुलालाही नाही.

ही वही मोबाइलमध्ये नेणारी ॲप आपल्याकडे २०१७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत आली. ओकेक्रेडिट आणि खाताबुक ही त्यातली ठळक नावं. २०२० मध्ये महेंद्रसिंग धोनी खाताबुकचा चेहरा झाला, तेव्हा ‘उधारीची वही फोनमध्ये’ ही कल्पना गावोगाव पोचली. आतली रचना अगदी सोपी असते. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान, त्यावर दोनच बटणं, ‘दिले’ आणि ‘मिळाले’, आणि वर बाकीचा आकडा. सोबत आठवण पाठवायची सोय. काही ॲपमध्ये प्रत्येक खात्याला मर्यादाही घालता येते. ज्यात तशी सोय नाही, तिथे सोपा उपाय म्हणजे मर्यादा गिऱ्हाइकाच्या नावातच लिहायची: ‘सुतार गल्ली वहिनी ६५००’. नोंद करताना ती डोळ्यांसमोर येतेच.

ॲप उतरवून घ्यायला पाच मिनिटं लागतात. वही त्यात उतरवायला महिना लागतो, आणि बरीच दुकानं याच महिन्यात हात टेकतात. म्हणून त्या महिन्याबद्दल जरा सविस्तर.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. दुकान आणि आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, पण गावाची पैशाची चाल खरी आहे. काही घरं महिन्याच्या पगारावर चालतात, काही दुधाच्या बिलावर, काही उसाच्या. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. वहीत ११८ खाती, आणि सगळ्या पानांची बेरीज मारली तर येणं २ लाख ८६ हजार.

पहिली चूक इथेच होते. एखाद्या रविवारी मुलाला बसवून ११८ खाती आणि त्यांच्या बाक्या धडाधड भरून टाकायच्या. सोमवारी ११८ घरांत मेसेज जातो, ‘आपल्याकडे इतके येणे आहे’, आणि मंगळवारी दुकानासमोर पंचायत भरते. कुणी म्हणतं, पाचशे दिले होते ते कुठे गेले? कुणी म्हणतं, ते सामान आम्ही नेलंच नाही, जावेनं नेलं. कारण वहीतली बाकी हा दुकानदाराचा आकडा असतो, गिऱ्हाइकानं तो अजून मान्य केलेला नसतो. वहीत तो कच्चाच राहतो, बोलता बोलता पन्नास-शंभर इकडेतिकडे होतात आणि विषय मिटतो. मेसेजमध्ये आला की तोच आकडा आरोप होऊन बसतो.

म्हणून बाकी आधी माणसासमोर ठरवायची, मग फोनमध्ये घालायची. अण्णांनी सुरुवात चालू खात्यांपासून करावी. वर्षभरात ज्यावर हालचालच नाही अशी ३१ खाती निघाली, मिळून ७४ हजारांची. ती बाजूला काढून जुन्या वहीतच ठेवायची. ती ॲपमध्ये घातली, तर येण्याचा एकूण आकडा कायम फुगलेला दिसतो, आणि त्यातलं किती येईल हे विचारायची सवयच लागत नाही. उरली ८७ खाती, २ लाख १२ हजारांची. आता जो गिऱ्हाईक दुकानात येईल त्याचं पान त्या दिवशी उघडायचं, त्याच्यासमोर बेरीज करायची, जे काही कमीजास्त असेल ते तिथेच तोडायचं, आणि वहीत शेवटच्या ओळीखाली ‘आजअखेर बाकी रु. ४,३५०, मान्य’ असं लिहून तारखेसह सही घ्यायची. मग तेवढाच आकडा ‘मागील बाकी’ म्हणून ॲपमध्ये. पानावर आडवी रेघ, आणि त्या पानात पुढे काही लिहायचं नाही. दिवसाला तीन-चार खाती झाली तरी महिन्यात काम होतं.

या सहीला कायद्याच्या बाजूनंही अर्थ आहे. उधार दिलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायचा, तर १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ती मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं बाकी लेखी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्यानं मोजली जाते. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, आधीच्या पुरावा कायद्यासारखीच, तरतूद आहे की धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबातल्या नोंदी पुराव्यात येतात, मग तो हिशेब कागदावर असो की इलेक्ट्रॉनिक. पण निव्वळ त्या नोंदींवर कुणाच्या माथी देणं लादता येत नाही. म्हणजे ॲपमधला आकडा कितीही नेटका दिसला, तरी तो अण्णांनी एकट्यानं लिहिलेलाच आहे. किराणा दुकानदार चार हजारांसाठी कोर्टात जात नाही हे खरंच. पण सही केलेला माणूस सहसा ‘मी नव्हेच’ म्हणत नाही, तेवढ्यासाठीच ती घ्यायची.

खातं उघडताना नावाचा आणि फोन नंबरचा घोळ निघतो. एकाच पानावर दोन भाऊ सामान नेत असतात, आणि मधल्या काळात त्यांची वाटणी झालेली असते. एकाच घराची दोन पानं असतात, एक सासूच्या नावाचं, एक सुनेच्या. ॲप माणूस ओळखतं ते फोन नंबरावरून, आणि गावात फोन नंबर म्हणजे घर नव्हे. म्हणून नंबर लिहून घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ‘वहिनी, हिशेबाचा मेसेज कुणाच्या फोनवर येऊ दे?’

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण उधारीची वही घरातल्या बऱ्याच गोष्टी झाकून ठेवते. नवऱ्याला न सांगता माहेरच्या पाहुण्यांसाठी नेलेलं सामान तिच्यात असतं, शाळेतल्या मुलानं आईच्या नावावर घेतलेली बिस्किटं असतात, आणि ‘घरी सांगू नका’ म्हणून नेलेली तंबाखूसुद्धा. हे सगळं दुकानदार आणि त्या माणसामध्ये राहतं. बहुतेक ॲप मात्र प्रत्येक नोंदीचा मेसेज पाठवायला तयारच असतात. नंबर नवऱ्याचा असेल तर तो मेसेज त्याच्या खिशात वाजतो. एखाद्या घरात त्यातून चांगलं निघेल, दुसऱ्या घरात मारहाण होईल. आणि दुकानदारानं ठरवून यातलं काहीच केलेलं नसेल. माझ्या मते पहिले दोन महिने नोंदीचे मेसेज सरसकट बंद ठेवावेत, आणि मग जो स्वतःहून मागेल त्याचेच सुरू करावेत. यामुळे ॲपचा निम्मा उपयोग गेला असं काही जणांना वाटेल. मला तसं वाटत नाही.

आता रोजच्या नोंदींकडे. संध्याकाळी सात वाजता गल्ल्यासमोर पाच माणसं उभी असतात. एक हात तराजूवर, दुसऱ्या हातात पुडी. अशा वेळी फोनचं कुलूप उघडा, नाव शोधा, आकडा टाका, हे होत नाही. होईल असं धरून चालणारी दुकानं चौथ्या दिवशी नोंदी चुकवायला लागतात, आणि मग ॲपवरचा आकडाही खोटा आणि वहीतलाही. यावर उपाय जुन्या पेढ्यांच्याच पद्धतीत आहे. तिथे रोजमेळ वेगळा असायचा आणि खतावणी वेगळी. दिवसभराचे व्यवहार घडतील त्या क्रमानं रोजमेळात लिहायचे, आणि सावकाश बसून प्रत्येकाच्या खात्यावर खतवायचे. किराणा दुकानानं ही दोन्ही कामं एकाच वहीत कोंबली. ॲप आणताना ती पुन्हा वेगळी करावीत. गल्ल्यावर दोरी बांधलेली एक साधी वही आणि पेन. ओळीत फक्त नाव, रक्कम आणि ‘दिले’ की ‘जमा’. रक्कम त्याच वेळी लिहायचीच. ‘भाव नंतर टाकू’ हे बंद, कारण तेलाचा भाव आठवड्यात बदलतो आणि भांडण नेमकं त्या फरकावरून होतं. रात्री शटर ओढल्यावर एकाच माणसानं त्या ओळी ॲपमध्ये भरायच्या आणि भरलेल्या ओळीवर टिक करायची.

भरून झालं की एक मेळ घालायचा. वहीतल्या दिवसभराच्या उधारीची बेरीज आणि ॲपच्या अहवालात दिसणारी त्या दिवसाची ‘दिले’ची बेरीज एकच आली पाहिजे. जमेचंही तसंच. वहीत २,८४० आणि ॲपमध्ये ३,०२० आले तर १८० चा फरक आहे, आणि तो आज रात्री पाच मिनिटांत सापडतो. बहुधा एकच ओळ दोनदा गेलेली असते. आठ दिवसांनी तो सापडत नाही. शिवाय या मेळात एक चूक सुटते, तीही लक्षात ठेवावी: रक्कम बरोबर पण खातं चुकीचं. एकाच आडनावाची तीन घरं असली की एकाची साखर दुसऱ्याच्या नावावर पडते आणि बेरीज मात्र चोख जुळते. म्हणून नावाला गल्ली किंवा धंदा जोडायचा, आणि टोपणनाव वापरायला लाजायचं नाही. फक्त ते मेसेजमध्ये जात नाही ना, एवढं बघून घ्यायचं.

जमेच्या नोंदी आणखी एका वाटेनं निसटतात. पूर्वी पैसे देणारा समोर उभा असायचा. आता पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आईच्या खात्याचे दोन हजार रात्री दहा वाजता दुकानाच्या क्यूआर कोडवर पाठवतो. पैसे अण्णांच्या बँकेत पोचतात, पण उधारीच्या ॲपला त्याचा पत्ता नसतो, आणि पाठवणाऱ्याचं नाव वहीतल्या कुठल्याच नावाशी जुळत नाही. सकाळी त्या आईला आठवण गेली की मुलाचा फोन येतो, आणि तो चांगलाच तापलेला असतो. एकदा असं झालं की ते घर पुढचे सहा महिने समोरच्या दुकानात जातं. म्हणून रात्रीच्या खतावणीत बँकेत आलेल्या रकमांची यादी पाहणं हा तिसरा भाग, आणि ज्याची ओळख पटत नाही ती रक्कम ‘अनोळखी जमा’ नावाच्या वेगळ्या खात्यावर ठेवायची. त्या खात्यावर काही शिल्लक असेल, तर दुसऱ्या दिवशी तेवढ्या रकमेची शंका ज्यांच्यावर येते, त्यांना आठवण पाठवायची नाही.

एवढं बसलं की मर्यादेचा विचार करता येतो. बहुतेक दुकानदार मर्यादा ठरवताना महिन्याची खरेदी बघतात. तिथेच गणित चुकतं.

एक खातं उलगडून बघू. सूतगिरणीत काम करणारा माणूस, पगार दहा तारखेला. घरात रोजचं साधारण दीडशे रुपयांचं सामान जातं, म्हणजे महिन्याला साडेचार हजार. तो दहा तारखेला येतो आणि मागच्या महिनाअखेरपर्यंतचे साडेचार हजार देतो. पण एक तारखेपासून दहापर्यंत नेलेले दीड हजार बाकी राहतातच. म्हणजे पगारानंतरची बाकी १,५००, आणि पुढच्या पगाराच्या आदल्या क्षणाची बाकी ६,०००. हा अत्यंत चोख गिऱ्हाईक आहे. त्याला साडेचार हजारांची मर्यादा घातली तर काय होईल? तीस तारखेच्या आसपास तो मर्यादेला लागेल, आणि दर महिन्याला दहा दिवस त्याचं खातं लाल दिसेल. ८७ खात्यांपैकी पन्नास खाती अशी दर महिन्याला लाल व्हायला लागली की अण्णा त्या रंगाकडे बघणंच सोडतील. मग मर्यादा असून नसल्यासारखी. या माणसाची वरची मर्यादा सहा हजारांच्या थोडी वर हवी, समजा साडेसहा.

आता हाच माणूस हळूहळू घसरायला लागतो. खरेदी तेवढीच, साडेचार हजारांची. जूनमध्ये पगारानंतर १,५०० बाकी होती. जुलैत त्यानं ३,९०० दिले, राहिले २,१००. ऑगस्टमध्ये ३,७०० दिले, राहिले २,९००. सप्टेंबरमध्ये ३,६००, राहिले ३,८००. दर महिन्याला येतोय, हसून बोलतोय, साडेतीन हजारांच्या वर मोजतोय. वहीत बघितलं तर मोठमोठ्या जमा दिसतात आणि दुकानदार निर्धास्त असतो. वरची मर्यादा त्याला पकडते ती ऑगस्टच्या पगाराच्या तोंडावर, जेव्हा बाकी ६,६०० होते. आणि त्या दिवशी अण्णा म्हणणार, ‘उद्या पगारच आहे की.’ पगारानंतरच्या बाकीला दोन हजारांची वेगळी मर्यादा घातली असती, तर हीच गोष्ट १० जुलैला दिसली असती, एक महिना आधी आणि शंभर रुपयांच्या फरकावर. शंभर रुपयांवर बोलणं सोपं असतं: ‘काय हो, या महिन्यात जरा ओढ दिसतीय?’ त्यावर उत्तर मिळतं. पोराची फी भरली, ओव्हरटाइम बंद झाला. अडीच हजार वर गेल्यावर तोच प्रश्न तगादा वाटतो आणि माणूस दुसऱ्या रस्त्यानं घरी जायला लागतो.

तेव्हा प्रत्येक खात्याला दोन आकडे हवेत. एक शिखराचा, पैसे यायच्या आदल्या दिवशी बाकी किती चढू द्यायची याचा. दुसरा तळाचा, पैसे आल्यानंतर किती उरू द्यायची याचा. तळाचा आकडा ठेवायची जागा मी पाहिलेल्या ॲपमध्ये नसते. तो खात्याच्या टिपणात लिहायचा, आणि महिन्यातून एकदा, बारा-तेरा तारखेला, पगारदार खात्यांची यादी काढून हातानं तपासायचा. तीस-चाळीस खात्यांना अर्धा तास पुरतो. ॲपमुळे खरा फायदा होतो तो इथे, कारण मागच्या चार महिन्यांतला तळ शोधायचा तर वहीत पानं चाळावी लागतात.

हे कशासाठी, तेही पैशात बघू. किराणा मालात सरासरी दहा टक्के सुटतात असं धरलं, तर पाच हजारांचा बुडालेला माल अण्णांना साडेचार हजारांना पडलेला होता. ते भरून काढायला ४५ हजारांची रोख विक्री करावी लागते. मोबाइलच्या रिचार्जवर तर जेमतेम काही सुटतं, म्हणजे उधारीवर रिचार्ज मारून देणं हे जवळजवळ रोख पैसे हातउसने देणंच आहे. मर्यादेच्या आत असलेल्यालाही रिचार्ज उधार नको, हा नियम खात्यागणिक नव्हे तर सगळ्या दुकानाला लावावा.

पगारदारांचं हे गणित दुधाच्या घराला लागत नाही. इथल्या सहकारी दूध संस्था दर दहा दिवसांनी बिल करतात. त्या घराची खरेदी दहा दिवसांत बाराशेची असेल तर मर्यादा पंधराशेची पुरते, आणि आठवणही महिन्यातून तीनदा, बिलाच्या दुसऱ्या दिवशी. महिन्याचं चक्र लावून पाच हजारांची मर्यादा दिली, तर तीन बिलं येऊन खर्चून गेलेली असतात आणि चौथ्या बिलातून पाच हजार निघत नाहीत. शिवाय संस्थेतून नेलेल्या पशुखाद्याचे पैसे बिलातूनच कापले जातात, तेव्हा दूध किती घातलं यापेक्षा हातात किती पडलं ते विचारावं. आणि गाय आटली की विण्याआधीचे दोनेक महिने बिलच थांबतं. हे ॲपला कळणार नाही. अण्णांना मात्र गावात कुणाची गाय कधी विणार हे माहीत असतं. अशा वेळी मर्यादा नुसती ओलांडू देऊ नये. ती ठरवून वाढवावी, टिपणात ‘गाय आटली, नोव्हेंबरपर्यंत ३,५००’ असं लिहावं, आणि त्या तारखेची आठवण स्वतःलाच लावावी.

उसाचं खातं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात फसवं. ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण ते दर वेळी तसेच आणि एकरकमी येतात असं नाही. शिवाय विकास सोसायटीचं पीककर्ज बिलातून परस्पर वळतं होतं. ‘बिल आलं की देतो’ या वाक्यात बिलाचा जो आकडा असतो, तो कपातीच्या आधीचा असतो. सहा महिने महिन्याला साडेतीन हजार धरले तर एकवीस हजार अडकतात, आणि असे दहा शेतकरी म्हणजे दोन लाख. अण्णांच्या दुकानाची सगळी उधारीच जवळपास तेवढी आहे. म्हणून उसाच्या खात्याला रुपयांच्या मर्यादेपेक्षा अर्धी वसुली दुधावर लावणं बरं: दर दुधाच्या बिलाला हजारभर जमा, उरलेलं उसावर. शेतकऱ्यालाही ते पटतं, कारण एकवीस हजार एकदम मोजताना त्याचाही जीव जातो.

आठवण कशी असावी? बहुतेक ॲपचा तयार मजकूर रुक्ष असतो, बँकेच्या नोटिशीसारखा. बदलता येत असेल तर बदलावा. असं काहीतरी: ‘नमस्कार. आजअखेर खात्यावर रु. ७,४०० आहेत. शेवटची जमा १० ऑगस्ट, रु. ३,७००. काही फरक वाटला तर दुकानात वही बघून घ्यावी.’ शेवटच्या जमेचा उल्लेख महत्त्वाचा. त्यानं दोन गोष्टी होतात: आधी दिलेले पैसे धरले आहेत हे समोरच्याला दिसतं, आणि त्यानंतर त्यानं काही दिलं असेल आणि नोंद राहिली असेल तर तो लगेच सांगतो. मेसेज पगाराच्या दिवशी संध्याकाळी जावा. दोन दिवस आधी गेला तर माणूस दुखावतो, आठवड्यानं गेला तर पैसे संपलेले असतात. आणि तो आपोआप जाऊ देऊ नये. ॲपनं यादी द्यावी, अण्णांनी ती वाचावी, ज्यांच्या घरी दुखणं किंवा मयत आहे ती नावं वगळावीत आणि मग बटण दाबावं. दोन आठवणींनंतर तिसरी पाठवू नये. तिथून पुढे चालत जाऊन बोलायचं काम असतं.

मर्यादा संपलेल्या माणसाला गल्ल्यावर काय सांगायचं, हाही प्रश्न असतो. ॲप कुणाचा हात धरत नाही. ‘मोबाइल घेत नाही’ म्हणून यंत्रावर ढकलणं सोपं असतं, आणि बरेच जण ते करतात. पण चारचौघांत तसं म्हटलं तर अपमानच होतो. त्यापेक्षा, ‘आज ज्वारी, तेल, चहापत्ती लिहितो. बाकीचं रोख घ्या, आणि शनिवारपर्यंत हजारभर जमा करा,’ असं हळू आवाजात सांगितलेलं चालतं. बंदी कोल्ड्रिंकवर आणि फरसाणावर आधी यावी, धान्यावर शेवटी.

फोनबद्दल दोन गोष्टी. ॲप ज्या नंबरावर सुरू केलं त्या नंबरावर सगळं दुकान उभं असतं. बहुतेक ठिकाणी ते मुलानं आपल्या नंबरावर सुरू केलेलं असतं. तो नोकरीला बाहेरगावी गेला की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि अण्णा दिवसभर त्याच्या फोनची वाट बघतात. पहिल्या दिवसापासून नंबर दुकानाचाच हवा, आणि त्याचं रिचार्ज चुकू देऊ नये. दुसरं, दर महिनाअखेर सगळ्या खात्यांची यादी पीडीएफ काढून एक प्रत छापून ठेवावी. फोन पाण्यात पडतो, कंपन्या बंद पडतात किंवा फुकटची सेवा विकत करतात. ८७ नावं आणि ८७ आकडे दोन-तीन पानांत मावतात.

काही खाती मात्र ॲपमध्ये घालूच नयेत. ऊसतोडीला मराठवाड्यातून टोळ्या येतात, आणि त्यांचं वाणसामान पुष्कळदा मुकादमाच्या शब्दावर जातं. प्रत्येक कोयत्याचं खातं उघडण्यात अर्थ नाही, कारण हंगाम संपला की टोळी एका रात्रीत ट्रॅक्टर भरून गावाकडे निघते आणि नंबरही पुढच्या वर्षी तोच असेल असं नाही. तिथे मुकादमाच्या नावावर एकच खातं, दर आठवड्याला त्याची सही, आणि मर्यादेऐवजी तारीख: कारखान्याचा पट्टा बंद व्हायच्या पंधरा दिवस आधी उधारी थांबवायची. आणि ज्या आजींकडे फोनच नाही, त्यांना पुठ्ठ्याचं कार्ड द्यायचं. नोंद गल्ल्यावरच्या वहीत, तीच कार्डावर, आणि रात्री तीच ॲपमध्ये. आठवण म्हणून काही पाठवायचं नाही. त्या पेन्शनच्या दिवशी स्वतःच कार्ड घेऊन येतात.